नाव न घेता टाकलेली पोस्ट: मैत्रिणीला थांबवताना या चुका टाळा

भावाचं व्यसन सुटावं म्हणून आमच्या घरात धावपळ चालू होती, तेव्हा बाहेरच्यांपैकी मी एकाच मैत्रिणीला सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या व्हॉट्सॲप स्टेटसला ओळी दिसल्या: "जिवलग मैत्रिणीचं घर भावामुळे खचलंय. प्रार्थना करा." माझं नाव कुठेच नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत तिघींनी मला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

स्टेटस पाहणाऱ्यांना तिची जिवलग मैत्रीण कोण ते माहीत होतं. मला भाऊ आहे हेही माहीत होतं आणि मी आठवडाभर ग्रुपवर गप्प होते. अनोळखी माणसाला ती पोस्ट मोघम वाटली असेल. पण या गोष्टी ठाऊक असलेल्याला नाव लिहिल्यासारखीच होती. आणि घरची गोष्ट ज्यांच्यापासून जपायची असते ती बहुधा हीच ओळखीची माणसं असतात.

स्टेटसला स्टेटसने उत्तर

ही चूक मी केली. रागाच्या भरात "विश्वास कुणावर ठेवावा हेच कळत नाही" असं स्वतःच्या स्टेटसला टाकलं. तोवर ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांनीही दोन्ही ओळी जुळवल्या. तिच्या पोस्टखाली कमेंट करणं किंवा ग्रुपमध्ये जाब विचारणं याचाही परिणाम तोच. सरळ फोन करा. उचलला नाही तर तिला एकटीला मेसेज करा.

"जरा जपून लिहीत जा"

शांत झाल्यावर मी तिला एवढंच म्हणाले. तिने भावाचा उल्लेख टाळला आणि चार दिवसांनी लिहिलं, "धीर धर सखे, हेही दिवस जातील." तिच्या मते तिने माझं ऐकलं होतं. जपून म्हणजे नेमकं काय, हे मी सांगितलंच नव्हतं. शेवटी मी असा मेसेज पाठवला:

"माझ्या घरच्या अडचणींबद्दल कुठेच काही लिहू नकोस. नाव न घेताही नको, सुविचार म्हणून नको, प्रार्थना करा म्हणूनही नको. आत्ताची पोस्ट आहे ती लगेच काढ. पुढे कधी लिहावंसं वाटलं, तर आधी मला विचार."

कडक वाटेल, पण यात पळवाट राहत नाही.

हेतूवरून वाद

"मी काळजीपोटी लिहिलं," असं ती म्हणाली. ते खरंच होतं. हेतू काय होता यावर वाद घातला की तिला स्वतःचा चांगुलपणा सिद्ध करावासा वाटतो आणि पोस्ट तशीच राहते. मी म्हणाले, "तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. तरी तिघींनी ओळखलं." मग ती गप्प झाली आणि तिने स्टेटस काढलं.

पोस्ट नुसती बदलून घेणं

स्टेटस 24 तासांनी आपोआप जातं, म्हणून थांबू नका. लोक ते त्या अवधीतच पाहतात. फेसबुकवरची पोस्ट दुरुस्त केली, तर ती पाहू शकणाऱ्यांना आधीचा मजकूरही उघडून वाचता येतो, म्हणून ती पूर्ण डिलीट करायला सांगा. इन्स्टाग्रामची स्टोरी हायलाइटमध्ये ठेवली असेल, तर 24 तासांनंतरही दिसत राहते. तिथूनही काढायला लावा. कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर इलाज नाही. "ती पोस्ट कुणाबद्दल नव्हती" असा खुलासा मात्र मागू नका. विसरलेल्यांनाही तो आठवण करून देतो. कुणी विचारलंच तर "घरचं आहे, त्यावर आत्ता नको बोलूया" एवढं पुरतं.

तिच्यावरचा भार विसरणं

हे मला फार उशिरा उमगलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती माझं रडणं ऐकत होती आणि ते सांगायला तिला कुणीच नव्हतं. नुसतं "कुणाला सांगू नकोस" म्हटलं, तर तो भार कुठेतरी बाहेर पडतोच. म्हणून आम्ही माणूस ठरवला. तिच्या बहिणीचं आमच्या ओळखीत येणंजाणं होतं, तिला सांगायचं नाही. नवऱ्याशी बोललेलं चालेल, पण समोरासमोर, लिहून नाही. शिवाय मला रात्री फोन करायचा असला, की आधी विचारायचं: "आज ऐकायला जमेल का?"

एवढं होऊनही तिने पुन्हा लिहिलं असतं, तर मैत्री ठेवूनही घरचं नवं काही सांगणं मी थांबवलं असतं. तशी वेळ आली नाही. काही महिन्यांनी भाऊ सावरला, तेव्हा तिचा फोन आला. "किती झुंजलीस तू! एवढं तरी लिहू का गं?" चांगली बातमीही त्याच घरची होती. मी नको म्हणाले. "बरं, मग घरी येऊन सांगते," म्हणाली आणि तासाभरात दारात उभी राहिली.