आयकराची नोटीस आली: सीए नेमताना काय द्यायचं, काय ठरवायचं आणि पासवर्ड का द्यायचा नाही

प्रत्येक नोटिशीला सीए लागत नाही. फॉर्म १६ आणि विवरणपत्र यांच्यात चार हजारांचा फरक आहे म्हणून आलेली सूचना स्वतःच्या लॉगिनमधून निस्तरता येते. पण कलम 143(2) खाली छाननीची नोटीस आली असेल, तर माणूस नेमा. तो कसा नेमायचा, हे एका उदाहरणावरून पाहू.

एका नोकरदाराने नोव्हेंबर 2023 मध्ये जुना फ्लॅट विकला. 24 लाखांचा दीर्घकालीन भांडवली नफा झाला आणि तो, घर विकून घर घेणाऱ्याला सूट देणाऱ्या कलम 54 खाली, पूर्ण करमुक्त दाखवून त्याने जुलै 2024 मध्ये विवरणपत्र भरलं. नवं घर घेतलं सप्टेंबर 2024 मध्ये. जून 2025 मध्ये 143(2) ची नोटीस आली.

आधी नोटीस खरी आहे का ते पाहा

incometax.gov.in वर लॉगिन न करता `Authenticate Notice/Order Issued by ITD` मध्ये नोटिशीवरचा डिन क्रमांक टाका. जुळला तर पुढे जा. उत्तराची शेवटची तारीख कागदावर ठळक लिहून ठेवा.

कागद

नोटिशीची पूर्ण पीडीएफ द्या, मोबाइलवर काढलेला पहिल्या पानाचा फोटो नको. सोबत भरलेलं विवरणपत्र, कर-गणनेचा तक्ता, 26AS, एआयएस, आणि एप्रिल ते मार्चचे सगळ्या खात्यांचे उतारे. नेटबँकिंगचं लॉगिन मागितलं तर नाही म्हणा, उताऱ्यांच्या पीडीएफ पुरतात. आपल्या उदाहरणात याशिवाय दोन्ही घरांचे नोंदणीकृत करारनामे आणि इंडेक्स टू, जुन्या घराच्या खरेदीचा पुरावा आणि नव्या घराचे पैसे कुठल्या खात्यातून कधी गेले याचा माग लागेल. सगळ्या प्रतीच द्या. मूळ करारनामा कुणाच्याही कार्यालयात ठेवायचं कारण नाही.

खरा कस लागतो तो अडचणीच्या कागदावर. या करदात्याने घर दोन वर्षांच्या मुदतीत घेतलं हे खरं, पण विवरणपत्राची मुदत 31 जुलै 2024 ला संपली तेव्हा नफ्याची रक्कम वापरलेलीही नव्हती आणि भांडवली नफा खाते योजनेत भरलेलीही नव्हती. अधिकारी नेमकं हेच विचारणार. या मुद्द्यावर न्यायनिवाड्यांत एकमत नाही, त्यामुळे बाजू मांडायला जागा आहे. पण ती जागा सीएला पहिल्या भेटीत कळली तरच उपयोग. ‘विचारलं तर बघू’ म्हणून लपवलेली गोष्ट कारणे दाखवा नोटिशीच्या वेळी बाहेर येते, आणि तेव्हा हातात मोजके दिवस उरतात.

काम कुठून कुठपर्यंत

‘नोटिशीचं बघतो’ हे कामाचं वर्णन नाही. 143(2) ला दिलेलं पहिलं उत्तर म्हणजे फक्त दार उघडणं. त्यानंतर कलम 142(1) खाली प्रश्नावली येते, बहुधा एकाहून जास्त वेळा. उत्पन्नात वाढ प्रस्तावित असेल तर कारणे दाखवा नोटीस येते, व्हिडिओ सुनावणी मागता येते आणि शेवटी 143(3) चा आदेश निघतो. आकारणी वर्ष 2024-25 साठी त्याची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची, म्हणजे काम कित्येक महिने चालू शकतं.

म्हणून पत्रात इतकं तरी लिहून घ्या: ‘आकारणी वर्ष 2024-25 ची छाननी, आदेश निघेपर्यंतची सर्व उत्तरं आणि सुनावणी धरून. दुरुस्ती अर्ज, दंडाची कार्यवाही आणि अपील यांत नाही. प्रत्येक उत्तराचा मसुदा मुदतीच्या तीन दिवस आधी अशिलाला दाखवला जाईल.’ मसुद्याची अट सोडू नका. उत्तर तुमच्या नावावर जातं. चुकीची माहिती देऊन उत्पन्न दडवल्याचं ठरलं, तर कलम 270A खाली त्यावरच्या कराच्या 200 टक्के दंड तुम्हाला होतो, सीएला नाही.

फी

टप्प्यांनी ठरवा: एक भाग सुरुवातीला, एक प्रश्नावलीची उत्तरं गेल्यावर, उरलेली आदेश आल्यावर. जीएसटी वेगळा की धरून, हेही लिहा. वाचवलेल्या कराच्या टक्केवारीत फी मागणाऱ्याकडून उठून या. सीएच्या व्यावसायिक नियमांत अशा कामाची निकालावर अवलंबून फी बसत नाही, वकिलांनाही तिची मनाई आहे. ‘वरचं सांभाळायला’ वेगळे पैसे मागणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. छाननी चेहराविरहित पद्धतीने चालते, समोर कोण अधिकारी आहे हे त्यालाही माहीत नसतं.

पोर्टलचा प्रवेश: इथेच सगळे फसतात

‘पॅन आणि पासवर्ड व्हॉट्सअॅप करा’ हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट सल्ला आहे. त्या एका लॉगिनमध्ये फक्त नोटीस नसते. त्यातून संपर्काचा मोबाइल आणि ईमेल बदलायला, परताव्याचं बँक खाते बदलायला, मागण्यांना होकार द्यायला सुरुवात करता येते. यांतल्या बऱ्याच गोष्टींना ओटीपी लागतो. पण फोनवर ‘एक ओटीपी आलाय, सांगा’ म्हटलं की लोक सांगतात, म्हणून ती भिंत कामाची राहत नाही.

म्हणून आधी `My Profile` उघडून प्राथमिक मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते पाहा. पूर्वी विवरणपत्र भरणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचा टाकलेला असतो, ही फार नेहमीची गोष्ट. मग नोटिसा त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला मुदत उलटल्यावर कळतं. तो बदला, पासवर्डही बदला. नवा माणूस त्यानंतर जोडा.

जोडण्यासाठी `Pending Actions` मधून `e-Proceedings` मध्ये जा. त्या कार्यवाहीसमोर `Add/View Authorised Representative` असतं. तिथे प्रतिनिधीचा तपशील भरायचा आणि तुमच्या मोबाइल-ईमेलवर आलेला ओटीपी स्वतः टाकायचा. आता तो स्वतःच्या लॉगिनमधून तुमच्या या कार्यवाहीला उत्तर देऊ शकतो. तुमचं बाकीचं खाते त्याच्यासाठी बंदच. यासोबत सही केलेलं अधिकारपत्र लागतं, त्यात आकारणी वर्ष आणि कार्यवाही नमूद करा. ‘सर्व करविषयक बाबींसाठी’ असं मोघम पत्र सही करू नका.

काही कार्यालयं हे टाळतात, कारण पासवर्ड घेणं त्यांना सोपं पडतं. अडूनच बसले तर तडजोड एकच: तुम्ही समोर बसून लॉगिन करा, ते फाइल चढवतील, ओटीपी तुम्ही टाका, लगेच लॉगआउट.

चढवताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा. उत्तराला `Partial Response` आणि `Full Response` असे दोन पर्याय येतात. कागद दहापेक्षा जास्त असतील किंवा काही नंतर द्यायचे असतील तर पहिला निवडायचा. घाईत दुसरा निवडला, तर उरलेले कागद त्या नोटिशीखाली जोडायची वाट सहसा बंद होते. कागद वेळेत मिळत नसतील तर `Seek Adjournment` मधून मुदतवाढ मागा, आणि उत्तराची मूळ मुदत संपण्याआधी मागा. प्रत्येक सादरीकरणाची पोचपावती त्याच दिवशी स्वतः उतरवून घ्या.

आदेश हाती आला की त्याच पानावरून प्रतिनिधीचा अधिकार मागे घ्या. आदेश विरुद्ध गेला असेल तर अपिलाला 30 दिवस असतात. ते त्याच माणसाकडून करायचं की दुसऱ्याकडून, हे पहिल्या आठवड्यातच ठरवा आणि त्याचं पत्र व फी वेगळी लिहून घ्या.