आयएसओ ९००१ ऑडिटची तयारी: एका चलानाचा माग

ऑडिटला तीन आठवडे असतील तर आधी फायलींवर नवीन लेबलं चिकटवणं थांबवा. गेल्या सहा महिन्यांतलं कुठलंही एक डिलिव्हरी चलान उचला. कुठलं ते स्टोअरच्या माणसाला ठरवू द्या, स्वतः निवडू नका. आपण निवडलं की हात नेमका चांगल्या कामाकडेच जातो. आमचं अंधेरी एमआयडीसीतलं छोटं मशिन शॉप, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो.

हातात आलं ते २०० शाफ्टचं चलान. त्यावरून फायनल इन्स्पेक्शन रिपोर्ट, रिपोर्टवरून जॉब कार्ड, जॉब कार्डवरून बारचा हीट नंबर आणि त्यावरून सप्लायरचं टेस्ट सर्टिफिकेट, असं मागे मागे जायचं. प्रत्येक कागद पाच मिनिटांत मिळाला पाहिजे, आणि त्यावरचा नंबर पुढच्या कागदाशी जुळला पाहिजे. आमचं इथपर्यंत जुळलं. रिपोर्टवर मापाच्या साधनाचा नंबरही होता, म्हणून त्या मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट काढलं. तारीख गेल्या महिन्याची, लॅब एनएबीएल मान्यतेची, मायक्रोमीटरवर स्टिकर ताजा. बहुतेक जण इथे टिक मारून पुढे जातात. आम्हीही आधी मारलीच होती.

सर्टिफिकेटच्या दुसऱ्या पानावर आकडे असतात, ते वाचा. आमच्या मायक्रोमीटरचं रीडिंग २० मिमीला ०.००८ मिमी जास्त येत होतं. आम्हीच ठरवलेली मर्यादा ०.००४ मिमी. शाफ्टचं ड्रॉइंगवरचं माप २०.००० ते १९.९७९. म्हणजे रीडिंग १९.९८७ च्या खाली असेल तर खरं माप खालच्या मर्यादेच्याही खाली गेलेलं. रिपोर्टमधल्या २० नगांपैकी तिघांची रीडिंगं १९.९८४, १९.९८५ आणि १९.९८६ होती. तिन्ही नग कागदावर पास, प्रत्यक्षात बारीक. सॅम्पलमध्येच तीन निघाल्यावर संशय सगळ्या २०० नगांवर जातो.

मानकातलं ७.१.५.२ हे कलम नेमकं हेच विचारतं: साधन बिघडलेलं आढळलं, तर आधीच्या मापांचं काय? साधन बदललं एवढं उत्तर पुरत नाही. आदल्या वर्षीचं सर्टिफिकेट ठीक होतं, म्हणजे बिघाड मधल्या काळात कधीतरी झाला. त्यामुळे तो मायक्रोमीटर वापरलेले मधले सगळे रिपोर्ट काढावे लागले, शिल्लक नग दुसऱ्या साधनाने मोजावे लागले आणि ग्राहकाला कळवावं लागलं. फोन करताना मालकांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण हा सगळा कागद आता आमचा पुरावा आहे. ऑडिटरने हे स्वतः शोधून काढलं असतं तर ती आमची नॉनकन्फॉर्मिटी झाली असती.

पुरावा गोळा करताना रिकामे रकाने दिसतील. ते मागच्या तारखेने भरू नका. एका ओळखीच्या कारखान्यात मशिन तपासणीचं महिन्याभराचं रजिस्टर एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेलं होतं, आणि त्यात अनंत चतुर्दशीलाही सही होती. त्या दिवशी शटरच उघडलं नव्हतं. त्यानंतर ऑडिटरने तिथली इतर रजिस्टरंही बारकाईने पाहिली, ते वेगळं सांगायला नको. ‘पावसामुळे लोकल बंद, काम नाही’ अशी त्याच दिवशी लिहिलेली ओळ रिकाम्या रकान्यापेक्षा आणि खोट्या सहीपेक्षा कितीतरी बरी.

मॉक ऑडिट दोन आठवडे आधी, एक पूर्ण दिवस काढून करा. प्रॉडक्शनचं काम परचेसवाल्याने तपासावं, परचेसचं क्वालिटीवाल्याने. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. केबिनमध्ये बसून प्रश्न विचारू नका, मशिनपाशी उभे राहा. ऑपरेटरला क्वालिटी पॉलिसी पाठ म्हणायला लावू नका. ‘दादा, हा नग बरोबर झाला हे कशावरून ओळखता? आणि चुकला तर कुठे ठेवता?’ एवढंच विचारा. आमच्याकडे ‘चुकला तर’ ऐकल्यावर दादांनी मशिनखालचा डबा ओढून दाखवला. त्यात सात नग, ना टॅग, ना नोंद. लाल पेटी मात्र भिंतीपाशी, रिकामी आणि चकचकीत. विचारलं तर म्हणाले, “तिथपर्यंत जायला चाळीस पावलं पडतात, साहेब.” कारण तिथेच कळलं. ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहिण्याऐवजी आम्ही पेटी मशिनजवळ आणली आणि पुढचे दहा दिवस तिच्यात काय पडतं ते लिहून ठेवलं.

मॉक ऑडिटमधली प्रत्येक त्रुटी लिहिताना कलम काय मागतं, प्रत्यक्षात काय दिसलं आणि कुठल्या कागदावर किंवा नगावर दिसलं, हे तिन्ही लिहा. ‘रेकॉर्ड नीट नाहीत’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही.

राहिलं मॅनेजमेंट रिव्ह्यूचं. तो मॉक ऑडिटनंतर घ्या, म्हणजे मायक्रोमीटर आणि डबा दोन्ही इतिवृत्तात येतील. पहिलंच सर्टिफिकेशन असेल तर इंटर्नल ऑडिट आणि हा रिव्ह्यू दोन्हींचं नियोजन पहिल्या टप्प्यातच विचारलं जातं. आमच्या इतिवृत्तात नवा मायक्रोमीटर घ्यायचा ठराव आहे, त्यापुढे मालकांची सही आहे. बिल अजून यायचंय.