बॅटरीच्या टर्मिनलवरचं मोरचूद: कसं मोजायचं, कसं काढायचं, पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं

डिसेंबरच्या शेवटी निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अशाच एका पहाटे मामांची पिकअप चालू होईना. चावी फिरवली की बॉनेटखालून फक्त ‘टक्’ असा आवाज यायचा. दिवे मात्र लखलखीत, हॉर्नही खणखणीत. आदल्या दिवशी एका दुकानदाराने बॅटरी गेली म्हणून सांगितलं होतं. मामा म्हणाले, “अरे, जायच्या आधी तू एकदा बघ, मग नवीन आणू.”

बॉनेट उघडलं तर पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळ्या-हिरव्या भुकटीचा गोळा बसलेला. मामांनी तो लगेच ओळखला. “हे तर मोरचूद!” बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर जे कालवतात, तेच. त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होतं. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट.

ते बॅटरीवर कुठून आलं? गाडीच्या आणि घरच्या इन्व्हर्टरच्या नेहमीच्या बॅटरीत पातळ गंधकाम्ल असतं आणि शिशाच्या पट्ट्या असतात. चार्जिंगच्या शेवटी आतल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. ते फुटताना ॲसिडचे सूक्ष्म थेंब झाकणाच्या भोकांतून बाहेर पडतात. टर्मिनलच्या बुंध्याशी असलेलं सील सैल झालं असेल तर ॲसिड तिथूनही झिरपतं. तो ओलावा टर्मिनलला वायर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमधल्या किंवा वायरीच्या टोकातल्या तांब्यावर बसला की मोरचूद तयार होतं. पांढरी भुकटी दिसली तर ती बहुतेक शिशाचं सल्फेट असते. पितळी पातेल्यात ताक कळकतं, त्याच जातीची ही गोष्ट. फक्त इथलं आम्ल ताकापेक्षा फार जहाल.

पॉझिटिव्ह बाजूलाच हे जास्त का, असं मला नेहमी विचारतात. बॅटरीच्या माथ्यावर ॲसिडचा ओलसर थर पसरला की दोन टर्मिनलांमध्ये त्यातूनच बारीकसा प्रवाह वाहू लागतो. अशा प्रवाहात पॉझिटिव्ह टोकाचा धातू विरघळत जातो आणि निगेटिव्हचा बऱ्यापैकी वाचतो. हे घरी तपासता येतं. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळं टोक निगेटिव्ह टर्मिनलला लावा आणि लाल टोक प्लास्टिकच्या झाकणावर फिरवा. कोरड्या, स्वच्छ झाकणावर शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. एखादा व्होल्ट दिसला तर झाकणावर ॲसिड आहे आणि बॅटरी त्यातून रात्रंदिवस थोडी थोडी रिकामी होत आहे.

आधी मोजा, मग पाना उचला

गाडी अडवणारी खरी गोष्ट बाहेरचा निळा गोळा नसते. टर्मिनलचा शिशाचा खांब आणि क्लॅम्प यांच्या मध्ये जो पातळ काळपट थर बसतो, तो गाडी अडवतो. सल्फेट आणि ऑक्साइड यांच्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे जिथे पूर्ण पृष्ठभाग टेकायला हवा तिथे चार-दोन ठिपकेच टेकलेले राहतात. म्हणून बाहेरून चकाचक दिसणारा क्लॅम्पही आतून खराब असू शकतो.

मल्टीमीटरच्या ओहम सेटिंगवर हा दोष सापडत नाही. इथला रोध ओहमच्या हजाराव्या भागात असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. मोजायचा असतो तो प्रवाह वाहत असताना जोडावर पडणारा व्होल्टेज.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. लाल टोक पॉझिटिव्ह खांबाच्या शिशावर दाबून धरा. क्लॅम्पवर नाही, खांबाच्या मधोमध. काळं टोक क्लॅम्पवर. आता दुसऱ्या कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसतं. मग निगेटिव्हवर हेच करा. तिथे आकड्यामागे उणे चिन्ह आलं तरी हरकत नाही.

मामांच्या पिकअपवर निगेटिव्हला ०.१ आला, पॉझिटिव्हला तब्बल १.६ व्होल्ट. खुद्द बॅटरीच्या खांबांवर सेल्फ मारताना १०.९ होते, म्हणजे बॅटरी ठीक होती. पण त्यातले १.६ एकाच जोडावर खर्ची पडत होते. सेल्फ सुमारे २०० ॲम्पिअर ओढतो असं धरलं तर रोध येतो ०.००८ ओहम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण २०० ॲम्पिअरला त्या जोडावर ३२० वॉट उष्णता तयार होते. सेल्फ मारल्यावर क्लॅम्प हाताला गरम लागतो तो यामुळेच.

दिवे लखलखीत कसे, याचंही उत्तर इथेच मिळतं. दिवे साधारण १० ॲम्पिअर घेतात. तेवढ्या प्रवाहाला त्याच जोडावर फक्त ०.०८ व्होल्ट पडतो आणि तो डोळ्याला कळतही नाही. दिवे चांगले पण सेल्फ नुसता टक् करतो, अशी गाडी दिसली की नवी बॅटरी घेण्याआधी हा जोड मोजलाच पाहिजे. थंडीत दोष उघडा पडतो, कारण इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लागतो आणि बॅटरीही थोडी मंदावते. उन्हाळ्यात तोच जोड कसाबसा वेळ मारून नेत असतो.

घरच्या इन्व्हर्टरवर लक्षण वेगळं दिसतं. ४०० वॉटच्या लोडला १२ व्होल्टची बॅटरी सुमारे ४० ॲम्पिअर देते. जोडाचा रोध ०.०२ ओहम झाला असेल तर ०.८ व्होल्ट वाटेतच जातो. इन्व्हर्टर स्वतःच्या टोकाशी व्होल्टेज बघतो. तिथे साधारण १०.५ च्या आसपास दिसला की तो बंद पडतो, तेव्हा बॅटरीत मात्र ११.३ शिल्लक असतात. चार्जिंगच्या वेळी उलट होतं. इन्व्हर्टरला बॅटरी आहे त्यापेक्षा भरलेली वाटते, तो प्रवाह लवकर कमी करतो आणि बॅटरी पूर्ण भरायला फार वेळ लागतो. वीज सारखी जात असेल तर ती पूर्ण भरतच नाही आणि बॅकअप कमी झाल्याचं खापर बॅटरीवर फुटतं.

साफ करण्याचा क्रम

हातमोजे आणि चष्मा घाला, अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. जवळपास शेकोटी, उदबत्ती, विडी काहीही नको. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटन बंद करा, भिंतीवरचा सप्लायही बंद करा, खिडकी उघडा आणि अर्धा तास थांबा.

आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह सुटलेला असेल तर तोच पाना टेकला तरी काही होत नाही. क्लॅम्प निघत नसेल तर पान्याने ठोकू नका, स्क्रूड्रायव्हरने उचकटूही नका. खांब हलला की बुंध्याचं सील तुटतं आणि ॲसिड कायमचं झिरपू लागतं. क्लॅम्पचा नट पूर्ण सैल करा, कोमट पाण्यात भिजवलेली चिंधी त्यावर दहा मिनिटं ठेवा आणि हाताने डावी-उजवीकडे फिरवत वर काढा.

पाणी भरायची सगळी झाकणं घट्ट बसवा. ही पायरी गाळू नका, कारण सोडा आत गेला तर तो आतलंच ॲसिड मारतो. पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा ढवळा आणि जुन्या टूथब्रशने खांब, क्लॅम्प आणि झाकण यांवर लावा. फेस येईल, तो ॲसिड मरताना सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. फेस यायचा थांबेपर्यंत लावत राहा. नुसतं गरम पाणी ओतलं तर मोरचूद विरघळतं, पण ॲसिड मरत नाही. ते ओघळून खालच्या ट्रेला आणि पत्र्याला खात बसतं. कोल्ड्रिंक ओतणारेही भेटतात. त्यात स्वतःचं आम्ल असतं आणि वर साखर चिकटते, म्हणून मला तो उपाय पटत नाही.

ओलं असतानाच वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने खांबाची बाहेरची आणि क्लॅम्पची आतली बाजू घासा. शिसं चकचकीत राखाडी दिसलं की थांबा. कोरडं घासायचं नाही, कारण शिशाची भुकटी श्वासातून पोटात जाते आणि शिसं विषारी आहे. चिंध्या घरात आणू नका, धुतलेलं पाणी बागेत किंवा गोठ्याकडे सोडू नका, हात साबणाने धुवा. मामांना वाटलं होतं, हे मोरचूद फवाऱ्यात चालेल. त्यात शिसं असतं, त्यामुळे वेलीवर ते चालणार नाही.

आता वायरीचं टोक वाकवून बघा. इन्सुलेशन फुगलेलं असेल, वायर कडक झाली असेल आणि आतली तार काळी किंवा हिरवी असेल तर ॲसिड आत चढलेलं आहे. ते धुवून निघत नाही, तेवढा तुकडा कापून नवीन लग, म्हणजे वायरीचं धातूचं टोक, दाबून घ्यावा लागतो.

सगळं पुसून कोरडं करा. आधी पॉझिटिव्ह बसवा, मग निगेटिव्ह. इन्व्हर्टर बॅटरीवर लग थेट शिशाला टेकला पाहिजे, मध्ये लोखंडी वॉशर घालू नका, तो नटाखाली जातो. क्लॅम्प हाताने फिरणार नाही इतका घट्ट करा, त्यापुढे जोर लावू नका, शिसं मऊ असतं. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. व्हॅसलीन वीज वाहून नेत नाही, ते हवा आणि ॲसिडचा ओलावा अडवण्यासाठी असतं. म्हणून साफ केलेला जोड आधी घट्ट करायचा आणि मग झाकायचा.

मामांच्या पिकअपवर नंतर त्याच जागी ०.०६ व्होल्ट आला आणि दुसऱ्या चावीला इंजिन चालू झालं.

पुन्हा आलं तर

पाणी डिस्टिल्डच घाला, चार्जिंग पूर्ण झाल्यावर घाला आणि वरच्या खुणेपुढे जाऊ नका. चार्ज होताना आतला द्रव फुगतो, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलेली बॅटरी माथ्यावर ॲसिड ओकते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पाणी लवकर कमी होतं, तेव्हा महिन्यातून एकदा पातळी बघा.

एवढं करूनही महिन्याच्या आत निळं दिसू लागलं तर गाडी चालू ठेवून बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ मिळतो. १४.८ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बॅटरीला जास्त चार्ज करत आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत साफसफाई व्यर्थ आहे. व्होल्टेज ठीक असेल आणि ओल एकाच खांबाच्या बुंध्याभोवती गोल येत असेल तर सील गेलेलं आहे. ते घरी बसवता येत नाही. मामांच्या बॅटरीचं तसंच निघालं. दर महिन्याला सोड्याने धुऊन त्यांनी तिच्यावर द्राक्षाचा हंगाम काढला आणि मे महिन्यात ती बदलली.