कार्यालयाचं बुकिंग रद्द करताना पैसे परत कसे मागावेत

लग्न पुढं ढकललं किंवा मोडलं की पहिला फोन कार्यालयाला जातो, आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं: "ॲडव्हान्स परत मिळत नाही." ते ऐकून गप्प बसू नका. आधी पावती काढा. नियम बहुतेकदा तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले असतात.

त्यात दोन गोष्टी बघायच्या. लग्नाआधी किती दिवस कळवलं तर किती टक्के कापणार, आणि ते टक्के कशाचे? खरी मेख इथेच असते. समजा भाडं १,२०,००० रुपये आहे, त्यापैकी ६०,००० भरलेत आणि वर २०,००० डिपॉझिट दिलंय. ९० ते ६० दिवस आधी रद्द केल्यास ५० टक्के कपात, असा नियम आहे. भरलेल्या रकमेच्या ५० टक्के म्हटलं तर ३०,००० कापले जातील, पण एकूण भाड्याच्या म्हटलं तर सगळे ६०,००० जातील. नियमात स्पष्ट नसेल तर तुमच्या बाजूचा अर्थ धरून लेखी मागा. डिपॉझिट मोडतोड आणि वीजबिलासाठी असतं. कार्यक्रमच झाला नाही, तर ते पूर्ण परत मागायचं.

रद्द करायचं ठरलं त्याच दिवशी लेखी कळवा, कारण दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. फोनवर सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा, शिवाय कार्यालयात अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. अर्जात पावती क्रमांक, लग्नाची तारीख, परत हवी असलेली रक्कम आणि तिचा हिशेब लिहा. जीएसटी भरला असेल तर परत मिळणाऱ्या रकमेवरचा जीएसटीही मागा.

तीच तारीख दुसऱ्यांना दिली गेली का, यावर लक्ष ठेवा. एखाद्या नातेवाइकाला त्या तारखेची चौकशी करायला लावा. अगदीच झालं तर मुहूर्ताच्या दिवशी दारातल्या फलकावर दुसऱ्याच वधू-वरांची नावं दिसतात. त्याचा फोटो ठेवा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मागता येते. हॉल त्याच भाड्याला पुन्हा गेला असेल, तर नुकसान कसलं?

केटररचं गणित वेगळं. किराणा भरायच्या आणि वाढपी ठरवायच्या आधी कळवलं तर त्याचा खर्च फारसा झालेला नसतो. झाला म्हणाला, तर बिलं मागा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील नेमलाच पाहिजे असंही नाही.