या चुका टाळा : शेडच्या कॉलमची बेस प्लेट आणि फाउंडेशन बोल्ट

मिरज किंवा कुपवाड एमआयडीसीत फिरताना ट्रस आणि आय-सेक्शनचे कॉलम असलेली जुन्या पद्धतीची शेड अजून पावलोपावली दिसते. हिशेब करणाऱ्याचं बहुतेक लक्ष ट्रसवर असतं. कॉलम जमिनीला जिथे भेटतो तिथे मात्र "नेहमीचंच टाका" या एका वाक्यावर काम भागतं, म्हणजे १६ मिमी प्लेट आणि २० मिमीचे चार बोल्ट. शेड हलकी असेल तर हे नेहमीचंच सगळ्यात जास्त फसवतं.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. स्पॅन २० मीटर, बे ६ मीटर, कॉलम आयएसएमबी ३५०. बेस प्लेट ६०० बाय ३५० मिमी, पेडेस्टल एम २५ काँक्रीटचं. प्लेटच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बोल्ट, कडेपासून ६० मिमी आत, म्हणजे कॉलमच्या मध्यापासून २४० मिमीवर. मृत आणि छतावरचा भार धरून दीडपट केला की कॉलमच्या पायात ११० किलोन्यूटन दाब आणि १० किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. ट्रस कॉलमवर नुसता टेकलेला असल्याने या केसमध्ये मोमेंट किरकोळ आहे.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि पहिली चूक इथेच होते. मोमेंटला भाराने भागलं की विकेंद्रता ९१ मिमी येते. प्लेटच्या लांबीचा सहावा भाग १०० मिमी, म्हणजे पूर्ण प्लेट दाबाखाली राहते आणि बोल्टात ताण येतच नाही. काँक्रीटवरचा कमाल दाब जेमतेम १ न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि आयएस ८०० नुसार ०.४५ पट घनताकद, म्हणजे ११.२५ पर्यंत चालतो. सगळं हिरवं दिसतं, म्हणून बोल्ट 'नाममात्र' ठरतात.

पण बोल्टचं काम दाबाच्या केसमध्ये नसतंच. ते ०.९ मृतभार अधिक १.५ वारा या केसमध्ये असतं. या कॉलमवर मृतभार साधारण ३० किलोन्यूटन आहे, त्याचा ०.९ पट २७. छताला वर ओढणारा वारा कॉलममागे ३८ किलोन्यूटन, दीडपट करून ५७. वजाबाकी केली की ३० किलोन्यूटन उरतात, तेही वरच्या दिशेने. भिंतीवरच्या वाऱ्याने त्याच वेळी पायात ७५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. जिथे भार सगळ्यात कमी, किंबहुना उलटा, तिथेच मोमेंट सगळ्यात मोठा, हा हलक्या शेडचा स्वभाव आहे. म्हणून सगळ्यात मोठा भार शोधून त्यावर बोल्ट बेतू नका. कमाल दाब, कमाल मोमेंट आणि किमान दाब (किंवा उचल) या तिन्ही केस आपापल्या जोडीच्या आकड्यांसह वेगवेगळ्या तपासा. एका केसचा भार आणि दुसऱ्या केसचा मोमेंट अशी सरमिसळ केली, तर उत्तर कधी उगाच महाग पडतं आणि कधी धोक्याचं.

आता दुसरी चूक. ती पहिल्यापेक्षा लबाड आहे, कारण केस बरोबर निवडूनही ती होते. स्टॅडमधून आधाराच्या प्रतिक्रिया काढून एक्सेलच्या शीटमध्ये टाकताना भाराचं चिन्ह गळून पडतं. तिथे `FY` धन असेल तर आधार कॉलमला वर ढकलतोय, म्हणजे कॉलम दाबात आहे. ऋण असेल तर कॉलम उचलला जातोय. शीट मात्र पी या रकान्यात ३० एवढंच मागतं आणि ते दाब म्हणून वापरतं.

फरक किती पडतो ते हाताने करून पाहू. वाऱ्याच्या केसमध्ये प्लेटच्या एका टोकाला दाबाचा अरुंद पट्टा तयार होतो आणि दुसऱ्या टोकाचे दोन बोल्ट ताणले जातात. आपल्या आकड्यांत हा पट्टा जेमतेम ३५ मिमी रुंदीचा येतो, म्हणजे त्याचा मध्य कॉलमच्या मध्यापासून सुमारे २८० मिमीवर आणि बोल्टपासून ५२० मिमीवर. त्या पट्ट्याभोवती मोमेंट घेतले की बोल्टांचा एकूण ताण थेट मिळतो.

```
दाब समजून :  T = (75 - 30 x 0.28) / 0.52 = 128 kN
उचल धरून :  T = (75 + 30 x 0.28) / 0.52 = 160 kN
```

दोन बोल्टांत वाटलं की पहिल्या हिशेबात प्रत्येकी ६४ किलोन्यूटन येतात आणि दुसऱ्यात ८०. आता ४.६ ग्रेडच्या बोल्टची क्षमता बघा. आयएस ८०० मध्ये ती दोन मर्यादांतली कमी असलेली धरायची, आट्यांच्या जागी तुटण्याची आणि दांड्यात यील्ड होण्याची. ४.६ ला दुसरी मर्यादा ठरवते. २० मिमी बोल्टला ६८.५ किलोन्यूटन मिळतात आणि २४ मिमीला ९८.६. म्हणजे चिन्ह गळालं तर २० मिमीचा बोल्ट कागदावर पास होतो, आणि चिन्ह जागेवर असेल तर तो सरळ नापास. २४ मिमी घ्या. या शेडमध्ये बोल्टामागे काप सहाएक किलोन्यूटनचा आहे. तो ताणाबरोबर मिळून तपासला तरी २४ मिमीत भरपूर जागा उरते.

चिन्हाबद्दल शंका असेल तर सोपा उपाय आहे. त्याच मॉडेलमधली फक्त स्वतःच्या वजनाची केस उघडा. तिथे जे चिन्ह दिसेल ते दाबाचं. कुठलंही सॉफ्टवेअर असो, हा ताळा चुकत नाही.

तिसरी चूक प्लेटच्या जाडीची. आयएस ८०० मधलं स्लॅब बेसचं सूत्र, ज्यात प्लेटच्या दोन बाजूंचे बाहेर आलेले भाग येतात, ते फक्त अक्षीय भारासाठी, सगळीकडे सारखा दाब आहे असं धरून बसवलेलं आहे. आपल्या ११० किलोन्यूटनला ते साधारण ९ मिमी देतं. फ्लँजपेक्षा पातळ नको या अटीने आपण १६ वर जातो आणि समाधानी होतो. पण वाऱ्याच्या केसमध्ये १६० किलोन्यूटन ओढणारे बोल्ट फ्लँजच्या बाहेर ६५ मिमीवर आहेत, आणि प्लेट तिथे फ्लँजपासून बाहेर आलेल्या कँटिलिव्हरसारखी वाकते. मोमेंट १०.४ किलोन्यूटन-मीटर. प्रत्येक बोल्टचा परिणाम ४५ अंशात पसरतो असं धरलं तर कामाची रुंदी दोन्ही मिळून २५० मिमी भरते. २० मिमीवरच्या प्लेटला यील्ड २४० धरून जाडी ३१ मिमी निघते, म्हणजे ३२ ची प्लेट. दाबाच्या बाजूनेही हिशेब केला तर जवळपास तेवढीच येते. ३२ ची प्लेट नको असेल तर फ्लँजच्या दोन्ही बाजूंना गसेट द्या आणि जाडी नव्याने काढा. पण १६ ची प्लेट गसेटशिवाय ठेवली तर ती वाकते, आणि दाबाचा पट्टा टोकाकडून फ्लँजकडे सरकतो. मग ५२० मिमीची भुजा कमी होऊन बोल्टात आपण काढलेल्या ८० पेक्षाही जास्त ताण येतो. प्लेट आणि बोल्ट वेगवेगळे बेतता येत नाहीत, ते यामुळेच.

आता काँक्रीट. बोल्ट तुटला नाही तरी तो पेडेस्टलचा वरचा भाग घेऊन उपसून येऊ शकतो. मोकळ्या मोठ्या काँक्रीटमध्ये शंकूच्या आकाराचा तुकडा प्रतिकार करतो, पण तो शंकू बोल्टच्या खोलीच्या दीडपट अंतर चहूबाजूंना मागतो. ७०० बाय ४५० च्या पेडेस्टलमध्ये एवढी जागा कुठली? म्हणून ताण पेडेस्टलच्या उभ्या सळ्यांनीच खाली न्यायला हवा. १६० किलोन्यूटनला एफई ५०० च्या ३६८ चौरस मिमी सळ्या लागतात, म्हणजे ताणाच्या बाजूला बोल्टांच्या जवळ १२ मिमीच्या चार. सळईला एम २५ मध्ये पूर्ण पकड मिळायला सुमारे ५८० मिमी लांबी लागते. चार सळ्यांत थोडं जास्तीचं स्टील असल्याने ही गरज ४७५ पर्यंत उतरते. त्यात वरचं कव्हर आणि बोल्ट-सळईमधल्या अंतराचा वाटा मिळवला की बोल्ट किमान ६०० मिमी आत हवा. फॅब्रिकेटरकडे तयार मिळणारा ४५० चा बोल्ट इथे अपुरा पडतो. बोल्टच्या टोकाला नुसता वाकवलेला हुक देऊ नका. ताणाखाली तो सरळ होत सुटतो. खाली नट आणि जाड वॉशर-प्लेट द्या.

त्याखाली फुटिंग. उचल आणि मोमेंट शेवटी फुटिंग आणि त्यावरच्या मातीच्या वजनानेच थोपवायचे आहेत. कृष्णाकाठच्या सखल भागात शेड असेल तर २०१९ चा पूर आठवा. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजन घनमीटरमागे २५ किलोन्यूटन न धरता सुमारे १५ धरायचं असतं, आणि मातीचंही तसंच घटतं. पावसाळ्यातला वारा हे पाणी ओसरायची वाट बघत नाही.

साइटवरचं सगळं लिहीत बसत नाही, एकच गोष्ट. टेम्प्लेट न वापरल्याने बोल्ट सरकले की प्लेटची भोकं गॅसने मोठी केली जातात आणि वर साधा वॉशर टाकून नट आवळला जातो. ३५-४० मिमीच्या ओबडधोबड भोकावर साधा वॉशर वाटीसारखा आत दबतो. किमान भोक पूर्ण झाकणारी जाड चौकोनी प्लेट वॉशर म्हणून टाकून ती वेल्ड करा. बोल्ट तापवून वाकवायच्या भानगडीत मात्र पडू नका.

आणि २० मिमीचे बोल्ट आधीच काँक्रीटमध्ये गेले असतील तर? आधी लक्षणं बघा. वादळी पावसानंतर प्लेटच्या टोकाखाली ग्राउटमध्ये केसासारखी भेग, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज, हाताने फिरणारा नट, पेडेस्टलच्या कोपऱ्यावर तिरकी चीर. यातलं काही नसलं तरी आकडा बदलत नाही, दोन बोल्टांची क्षमता १३७ आणि गरज १६०. प्रत्येक टोकाला मध्यावर केमिकल अँकरचा तिसरा बोल्ट टाकायचा मोह होतो, पण तोही सळ्यांच्या पकडीएवढा खोल, म्हणजे ६०० मिमी जायला हवा. पेडेस्टलच्या कडेजवळ एवढं भोक पाडताना उभी सळई किंवा रिंग कापली गेली तर दुखणं वाढतं. मला त्यापेक्षा मोमेंटच कमी करणं पटतं. ट्रस आणि कॉलमच्या कोपऱ्यात नी-ब्रेस दिला की कॉलम नुसता कँटिलिव्हर राहत नाही आणि पायातला मोमेंट बराच उतरतो. मात्र नी-ब्रेस दिल्यावर गुरुत्वभाराच्या केसमध्येही पायात मोमेंट येतो आणि ट्रसच्या खालच्या कॉर्डमध्ये दाब येऊ शकतो. म्हणून मॉडेल पुन्हा चालवा, आणि निकाल शीटमध्ये टाकताना `FY` चं चिन्ह सोबत न्या.