वार्तापत्रातले इंग्रजी शब्द बदलताना या चुका टाळा

गावातले मंडळ, देवस्थान समिती, गृहनिर्माण सोसायटी, कोणाचेही वार्तापत्र घ्या, त्यात असा एक परिच्छेद हमखास सापडतो:

«ॲन्युअल जनरल मीटिंग रविवारी सकाळी दहा वाजता हॉलमध्ये ऑर्गनाईज केली आहे. सर्व मेंबर्सनी अटेंड करणे कंपल्सरी आहे. कोरम नसल्यास मीटिंग अर्ध्या तासासाठी पोस्टपोन होईल. ज्यांची फी पेंडिंग आहे त्यांनी ती ऑनलाईन पे करून स्क्रीनशॉट सेक्रेटरीला फॉरवर्ड करावा.»

मग कोणीतरी म्हणते, हे मराठीत करा. शब्दकोश काढला जातो आणि पुढच्या अंकात हे छापून येते:

«वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी दहा वाजता सभागृहमध्ये आयोजित केली आहे. सर्व सभासदनी उपस्थिती दर्शविणे अनिवार्य आहे. गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी स्थगित होईल. ज्यांचे शुल्क प्रलंबित आहे त्यांनी ते आंतरजालीय पद्धतीने अदा करून पटलचित्र सचिवांना अग्रेषित करावे.»

पहिला परिच्छेद निदान सगळ्यांना कळत होता. दुसरा वाचून लोक फोन करतात, की नेमके काय पाठवायचे आणि सभा होणार की नाही? फोंड्यातल्या किंवा डिचोलीतल्या कोणत्याही छोट्या वार्तापत्राच्या संपादकाला हे फोन ओळखीचे असतील. या एका परिच्छेदात काय काय बिघडले ते क्रमाने पाहू, कारण जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका त्यात आल्या आहेत.

शब्द बदलला, प्रत्यय तसाच राहिला

«सभागृहमध्ये» आणि «सभासदनी» वाचताना कान अडखळतो. नवा इंग्रजी शब्द मराठीत येतो तेव्हा त्याचे सामान्यरूप बहुधा होत नाही. आपण «हॉलमध्ये», «प्रोग्रामला», «मेंबरना» असे प्रत्यय थेट जोडतो. मराठी शब्दाला ही सूट नाही. सभागृहात, कार्यक्रमाला, सभासदांनी अशीच रूपे व्हायला हवीत. म्हणजे शब्द बदलला की त्याच्यामागचा प्रत्ययही बदलतो. बरेचदा लिंगही बदलते आणि मग क्रियापदापर्यंत हात घालावा लागतो. «वाढीव फी भरली नाही» याचे «वाढीव शुल्क भरली नाही» करून चालत नाही, «भरले नाही» करावे लागते.

ही चूक माणसाच्या हातून कमी आणि संगणकाच्या «Replace All» बटणाने जास्त होते. त्या बटणाने «फी» च्या जागी «शुल्क» घालून बघा. «माफी» ची «माशुल्क» होते आणि सभेनंतरच्या कॉफीची «कॉशुल्क». «रेट» च्या जागी «दर» घातलात तर सिगारेटची «सिगादर» झालेली दिसेल. फक्त पूर्ण शब्द शोधायचा पर्याय निवडला तरी सुटका नाही, कारण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. मग «फीची», «मीटिंगला», «मेंबर्सनी» ही रूपे शोधात सापडतच नाहीत.

आणखी एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. «ॲन्युअल» मधला पहिला स्वर दोन प्रकारे टंकलेला असू शकतो. कोणाच्या कळफलकावर तो एकच अक्षर म्हणून उमटतो, तर कोणाचा «अ» आणि वरचा चंद्र असा दोन तुकड्यांत. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा न सापडण्याची शक्यता असते. त्यात «मीटिंग», «मिटिंग», «मिटींग» हे नेहमीचे घोळ आहेतच. त्यामुळे शब्दाचा सगळीकडे सारखा येणारा तुकडा, इथे नुसते «टिंग» किंवा «टींग», शोधावा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून हाताने बदलावा. चार पानांच्या अंकाला यात फार वेळ जात नाही.

एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द

कोश उघडला की «फी» समोर «शुल्क» दिसते आणि हात तिथेच थांबतो. पण मंडळाचा सभासद दरवर्षी देतो ती वर्गणी. शाळा किंवा सरकारी कार्यालय घेते ते शुल्क. सभागृह वापरल्याचे पैसे म्हणजे भाडे, आणि कोणी आपणहून दिले तर देणगी. इंग्रजी लिहिणारा या सगळ्यांना आळसाने फी म्हणतो. मराठी करणाऱ्याने आधी विचारायला हवे, की हे पैसे कसले? «प्रलंबित शुल्क» म्हटल्यावर कोणालाही वाटेल की पंचायतीने काही नवे लावले. «राहिलेली वर्गणी» म्हटले की घरातली माणसे तेवढ्यापुरती तरी गप्प होतात.

«पोस्टपोन» चे तसेच. सभेच्या भाषेत पुढे ढकलणे, स्थगित करणे आणि तहकूब करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरलेली सभा सुरूच न करता दुसऱ्या तारखेला नेली तर ती पुढे ढकलली. गणपूर्ती नाही म्हणून थांबवून तीच सभा नंतर भरवायची असेल तर ती तहकूब झाली. «स्थगित» वाचून माणूस घरी बसतो, कारण पुन्हा कधी भरणार याचा त्या शब्दात पत्ताच नाही. तहकूब सभेला गणपूर्ती लागते का, हे तुमच्या संस्थेच्या नियमावलीत लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय हा शब्द छापू नये, कारण त्यावरूनच पुढे ठरावाच्या वैधतेचा वाद होऊ शकतो. तहकूब शब्द अरबी मुळाचा आहे म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. भेटू द्या.

याच कारणासाठी मी «नोटीस» ला «सूचना» करायला बिचकतो. «सभासदांच्या सूचना आल्या» म्हटले की त्यांनी सुचवलेले मुद्दे आले, असाच अर्थ कोणीही घेईल. कायदेशीर मुदत जिच्यापासून मोजायची ती नोटीस, आणि तिला नोटीसच म्हणावे. «सेक्रेटरी» म्हणजे सचिव, चिटणीस की कार्यवाह, हेही कोशाला विचारायचे नाही. नियमावलीत पदाचे जे नाव आहे तेच छापायचे.

कोणता शब्द परका आणि कोणता घरचा?

सगळेच इंग्रजी शब्द हाकलायला निघालात तर स्क्रीनशॉटचे पटलचित्र होते आणि मोबाईलचा भ्रमणध्वनी. शब्द रुळला की नाही हे ओळखायची एक सोपी खूण व्याकरणात आहे. त्याचे अनेकवचन मराठी पद्धतीने होते का ते पाहा. फाईलच्या फायली झाल्या, नोटिशीच्या नोटिशी झाल्या, कमिटीच्या कमिट्या झाल्या. बँकेला सामान्यरूप मिळाले, आपण बँकेत जातो. हे शब्द आता आपल्या नियमाने चालतात. पण «मेंबर्स», «इव्हेंट्स», «डोनेशन्स» यांच्या शेवटचा इंग्रजी «स्» अजून गेलेला नाही. वेळ कमी असेल तर पहिली झाडझूड या «स्» वाल्यांची करावी: सभासद, कार्यक्रम, देणग्या. ही खूण प्रत्येक वेळी बरोबर ठरेलच असे नाही. कमिटीला समिती हा तितकाच सोपा शब्द असेल तर तो जरूर घ्यावा.

आणि गोव्यात बसून शुद्धीकरण करायचे तर जरा जपूनच. पगार, चावी, बादली, बटाटा, पाव, लिलाव, नाताळ हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आहेत. त्यांना आता कोणी परके म्हणत नाही. इंग्रजीला हुसकताना भरात येऊन चावीची किल्ली करण्याची काही गरज नाही.

महाराष्ट्राच्या कोशातून जसेच्या तसे

भाषा संचालनालय महाराष्ट्र सरकारने 1960 मध्ये स्थापन केले. त्याचे कोश चांगले आहेत आणि वापरावेत. पण ते महाराष्ट्राच्या कारभारासाठी केलेले आहेत. त्यांतली किंवा महाराष्ट्रातल्या छापील मराठीतली पदनामे गोव्याच्या वार्तापत्रात घातली की वाचक चुकीच्या दारात जातो. आपल्याकडे तालुक्याला तहसीलदार नाही, मामलेदार आहे. पंचायतीत ग्रामसेवक नसतो, पंचायत सचिव असतो. वीज खंडित होणार असेल तर ते कळवते वीज खाते, महावितरण नव्हे. जमिनीच्या कागदाला इथे एक-चौदाचा उतारा म्हणतात. त्याचा «सातबारा» केला तर पेडण्यातल्या वाचकाला वाटेल की त्याच्या सावंतवाडीकडच्या जमिनीबद्दल काहीतरी आहे.

उलट बाजूने, काही गोष्टींना कोशापेक्षा चांगला शब्द गावातच पडलेला असतो. खाजन शेतीच्या बांधावरचे स्लुइस गेट दुरुस्त करायचे आहे, ही बातमी घ्या. कोश «जलद्वार» सुचवेल. शेतकरी त्याला मानस म्हणतो, आणि «मानशीची दुरुस्ती» छापले की कोणाला विचारावे लागत नाही. देवस्थानच्या ऑक्शनला लिलाव आहेच, पण पावणी म्हटलेले जास्त जणांना कळेल. कोकणीत रोज वापरला जाणारा शब्द म्हणून तो मराठी अंकातून गाळण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

वाक्यच इंग्रजी असेल तर

आता मूळ परिच्छेदाकडे. त्यातला खरा दोष नामांत नाही, «ऑर्गनाईज करणे, अटेंड करणे, पे करणे, फॉरवर्ड करणे» या जोडक्रियापदांत आहे. त्यांतला इंग्रजी तुकडा काढून संस्कृत तुकडा घातला की «उपस्थिती दर्शविणे» आणि «अग्रेषित करणे» तयार होते. मराठीत या कामांना साधी क्रियापदे आहेत: भरणे, येणे, देणे, पाठवणे. आधी क्रियापद बदलले तर निम्मी नामे आपोआप गळून पडतात. «कंपल्सरी» बद्दलही विचारून घ्यावे. न येणाऱ्याला दंड आहे का? नसेल तर तो शब्द मराठीतही नको. मग परिच्छेद असा होतो:

«मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी दहा वाजता सभागृहात भरेल. सर्व सभासदांनी यावे. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होईल आणि त्याच जागी साडेदहाला पुन्हा भरेल. ज्यांची वर्गणी राहिली आहे त्यांनी ती ऑनलाईन भरावी आणि स्क्रीनशॉट चिटणिसांना पाठवावा.»

यात ऑनलाईन आणि स्क्रीनशॉट तसेच ठेवले आहेत, कारण वाचक आपल्या मुलीला फोनवर हेच शब्द सांगणार आहे. छापण्याआधी मजकूर कोणाला तरी फोनवर वाचून दाखवावा आणि त्याने तो तिसऱ्याला आपल्या शब्दांत सांगितला की ऐकावा. जिथे तो अडखळेल किंवा इंग्रजी शब्द परत आणेल, तिथे तुमचा पर्याय बसलेला नाही.

पडद्यावर वाचायच्या शब्दांना मात्र हात लावू नये. वर्गणी भरण्याच्या पानावर बटणावर «Pay Now» लिहिले असेल, तर वार्तापत्रातही «Pay Now लिहिलेले बटण दाबा» असेच छापावे. तिथे «आता भरा» छापले तर आजोबा ते बटण शोधत बसतील आणि वर्गणी पुढच्या महिन्यावर जाईल. ओटीपीचेही तेच. पहिल्यांदा येईल तेव्हा «फोनवर येणारा सहा आकडी ओटीपी, तो कोणालाही सांगू नका» एवढे लिहिले की पुरे, आणि बँकेकडून चार आकडी येत असेल तर चार लिहा.