अख्खी इमारत परवडत नाही म्हणून रीट घेताय? या चुका टाळा

घर किंवा गाळा विकत घ्यायला जेवढा पैसा लागतो, त्याच्या अगदी थोड्या भागात रीटचं युनिट, म्हणजे त्यातला एक छोटा हिस्सा, मिळतं. रीट म्हणजे बऱ्याच लोकांचे पैसे जमवणारा ट्रस्ट किंवा कंपनी. ती ऑफिसच्या इमारती, मॉल, गोदामं विकत घेते, भाडं गोळा करते आणि त्यातला मोठा वाटा युनिटधारकांना देते. अमेरिकेत 1960 साली यासाठी कायदा झाला. भारतात सेबीचे नियम 2014 साली आले आणि पहिलं रीट 2019 मध्ये शेअर बाजारात नोंदलं गेलं. दोन्हीकडे साधारण 90 टक्के वाटून टाकायची सक्ती आहे. अमेरिकेत ती करपात्र उत्पन्नावर मोजतात, भारतात वाटपयोग्य रोख रकमेवर.

इथवर सगळं सोपं आहे. गडबड होते ती युनिट हातात आल्यावर, कारण आपण त्याच्याकडे छोट्या फ्लॅटसारखं बघायला लागतो. "महिन्याचं भाडं येतंय, जागा आपलीच आहे, भाव काय आज ना उद्या वाढणारच." यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो.

चूक 1: आलेला सगळा पैसा म्हणजे भाडं, असं धरणं

समजा एका युनिटचा भाव 100 आहे आणि वर्षात 8 हातात पडले. 8 टक्के परतावा, असं म्हणून आपण मोकळे होतो. रीटच्या वाटपाच्या पत्रकात मात्र हे 8 तुकड्यांत दाखवलेले असतात. उदाहरणार्थ 2 लाभांश, 3 व्याज आणि 3 मुद्दलाची परतफेड.

हे तुकडे का पडतात? पुष्कळदा इमारत रीटच्या नावावर नसते, रीटच्या मालकीच्या एका वेगळ्या कंपनीच्या नावावर असते. रीट त्या कंपनीत भांडवल घालतं आणि तिला कर्जही देतं. इमारतीचं भाडं त्या कंपनीकडे जमा होतं आणि रीटकडे येताना ते कधी लाभांश म्हणून येतं, कधी व्याज म्हणून, कधी दिलेल्या कर्जाची परतफेड म्हणून. तुमच्यापर्यंत तीच लेबलं पोचतात.

करासाठी या लेबलांना फार महत्त्व आहे. बऱ्याच करव्यवस्थांत मुद्दल परतफेडीवर त्या वर्षी कर लागत नाही, पण तेवढ्याने तुमची खरेदीची किंमत कमी धरली जाते. वर्षाला 3 प्रमाणे 10 वर्षांत 30 मिळाले, तर 100 ला घेतलेलं युनिट हिशेबात 70 चं झालं. मग ते 100 लाच विकलं तरी 30 चा नफा दाखवावा लागतो. "मी तर घेतलं त्याच भावाला विकलं, कर कसला?" हा प्रश्न विक्रीच्या वर्षी पडतो, आणि तोवर जुनी पत्रकं सापडत नसतात. म्हणून दर वाटपाचं पत्रक पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

याच्या उलट घाबरणारेही भेटतात. "मुद्दल परतफेड" हे शब्द वाचले की त्यांना वाटतं, आपलेच पैसे आपल्याला परत देतायत. तसं असेलच असं नाही. वर सांगितलं तसं, लेबल मुद्दलाचं असलं तरी पैसा भाड्यातूनच आलेला असू शकतो. लेबलावरून ते कळत नाही. कळण्यासाठी एकच वजाबाकी करायची: गोळा झालेलं भाडं, त्यातून चालवण्याचा खर्च, बाहेरच्या कर्जाचं व्याज आणि इमारत टिकवण्यासाठीची दुरुस्ती वजा. उरलेली रक्कम दर युनिट 8 किंवा जास्त असेल तर वाटप भाड्यातून चाललंय. 7.2 असेल तर 0.8 दुसरीकडून आलेत: शिल्लक गंगाजळीतून, नव्या कर्जातून किंवा एखादी इमारत विकून. एखाद्या वर्षी हे चालून जातं. सलग तीन वर्षं असंच दिसलं, तर पुढचं वाटप कमी होणार असं धरून चालावं.

चूक 2: भाडेकरू भरलेले आहेत म्हणजे आपण सुरक्षित, असं समजणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना भाडेकरू चांगला असला की निम्मी काळजी मिटते. रीटमध्ये भाडेकरूइतकंच लक्ष सावकारावर ठेवावं लागतं, कारण बहुतेक रीटांच्या डोक्यावर कर्ज असतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. हिशेब हलका राहावा म्हणून आकडे मुद्दाम लहान घेतलेत. एका रीटकडे 1000 किमतीच्या इमारती आहेत. कर्ज 400, म्हणजे युनिटधारकांचे 600. युनिटं फक्त 6, तेव्हा दर युनिटमागे मालमत्ता 100. खर्च जाऊन भाडं उरतं 70. कर्जावर 6 टक्क्यांनी व्याज 24, व्यवस्थापनाचा खर्च 4. वाटायला राहिले 42, दर युनिट 7.

आता व्याजदर चढले. भाडेकरू सगळे जागेवर, भाडं तेच 70, एक गाळा रिकामा झालेला नाही. पण कर्जाची मुदत संपली आणि नवं कर्ज 9 टक्क्यांनी मिळालं. व्याज 24 चं 36 झालं. वाटायला उरले 30, दर युनिट 5. उत्पन्न जवळजवळ 29 टक्क्यांनी घटलं आणि इमारतीत काहीही बिघडलेलं नाही.

एवढ्यावर थांबत नाही. आधी 70 भाड्याची इमारत 1000 ला जात होती, म्हणजे खरेदीदाराला 7 टक्के पुरत होते. या प्रमाणाला धंद्यात कॅप रेट म्हणतात. व्याज वाढलं की खरेदीदार 8 टक्के मागतो. तेच 70 भाडं आता 875 च्या किमतीला बसतं. कर्ज मात्र 400 चं 400 च. युनिटधारकांकडे 475 उरले, दर युनिट साधारण 79. इमारतींची किंमत साडेबारा टक्क्यांनी उतरली आणि तुमचा वाटा जवळपास 21 टक्क्यांनी. मधला फरक कर्जाने केला. आणि 1000 वर 400, म्हणजे 40 टक्के असलेलं कर्जाचं प्रमाण एकही नवा पैसा न उचलता 46 टक्क्यांच्या आसपास गेलं. भारतात कर्जावर 49 टक्क्यांची मर्यादा आहे. अशा वेळी त्या रेषेचं अंतर आपोआप कमी होत जातं.

हे नुसतं कागदावरचं नाही. जनरल ग्रोथ प्रॉपर्टीज हे तेव्हा अमेरिकेतलं मॉलचं दुसऱ्या क्रमांकाचं रीट होतं. मॉल दोनशेहून जास्त, बहुतेक चालते, भाडं येत होतं. पण कर्ज सुमारे 27 अब्ज डॉलरचं होतं आणि 2008 च्या आर्थिक संकटात मुदत संपलेलं कर्ज फेडायला नवं कर्ज द्यायला कुणी तयार होईना. एप्रिल 2009 मध्ये त्याने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पुढे कर्जाच्या मुदती वाढवून घेऊन ते सावरलं, पण त्याआधी शेअरचा भाव एका डॉलरच्याही खाली गेला होता. घाबरून तेव्हा विकलेल्यांना नंतरच्या सावरण्याचा काय उपयोग?

म्हणून वार्षिक अहवालातली भरलेल्या जागेची टक्केवारी वाचून झाली की लगेच कर्जाच्या टिपणीकडे या. तिथे तीन गोष्टी बघायच्या. मालमत्तेच्या किती टक्के कर्ज आहे, त्यातलं किती बदलत्या व्याजदराचं आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत किती कर्जाची मुदत संपतेय. तिसरी गोष्ट बहुतेक लोक बघतच नाहीत. 45 टक्के कर्ज असूनही मुदती दहा वर्षांत विखुरलेल्या असतील तर श्वास घ्यायला जागा असते. 30 टक्केच कर्ज, पण सगळं पुढच्याच वर्षी फेडायचं, तर मला त्या रीटची जास्त काळजी वाटेल.

आता एक नेहमीची तक्रार: "सगळ्या जागा भरलेल्या आहेत, तरी भाव पडतोय. काहीतरी लपवतायत का?" आधी बाजारातले व्याजदर वर गेलेत का ते बघा. त्याच प्रकारची इतर रीटंही सोबत पडत असतील तर कारण बहुधा तेच. आपलं एकटंच पडत असेल, तर मोठ्या भाडेकरूचा करार कधी संपतोय आणि कर्जाची मुदत कधी, हे शोधा.

चूक 3: रीट वाढतंय म्हणून खूश होणं

"या वर्षी आमचं एकूण भाडं 20 टक्क्यांनी वाढलं." वाक्य खरं असतं, तरी तुमच्या हाती काही न पडणं शक्य आहे. 90 टक्के वाटून टाकल्यावर रीटकडे नवी इमारत घ्यायला पैसा राहत नाही. मग कर्ज काढायचं किंवा नवी युनिटं विकायची. चूक 2 मधल्याच रीटने पहिल्या, बऱ्या दिवसांत 2 नवी युनिटं 85 ला विकून 170 उभे केले आणि 10 निव्वळ भाडं देणारी इमारत घेतली असं धरा. वाटायला 42 चे 52 झाले, म्हणजे जवळपास 24 टक्के वाढ. युनिटं मात्र 8 झाली. दर युनिट 7 चे 6.5. एकूण आकडे कितीही छान असोत, दर युनिट आकडा काढल्याशिवाय टाळी वाजवू नका.

चूक 4: भाव हलत नाही म्हणजे धोका नाही, असं मानणं

काही रीटं शेअर बाजारात नोंदलेली नसतात. त्यांचा भाव व्यवस्थापक मूल्यांकनावरून ठरवतो, म्हणून तो संथ दिसतो. बाजारातल्या रीटचा भाव रोज वरखाली होतो, त्यापेक्षा हे बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण बाहेर पडायचं दार किती रुंद आहे, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या अशा एका मोठ्या रीटमध्ये महिन्याला एकूण मूल्याच्या 2 टक्के आणि तिमाहीला 5 टक्केच पैसे काढता येतील अशी अट होती. 2022 च्या अखेरीस मागणी त्यापुढे गेली आणि लोकांना रांगेत थांबावं लागलं. यात कुणी शब्द मोडला नव्हता, अट आधीपासूनच छापलेली होती.

जाता जाता एक किरकोळ चूक. वाटपाची तारीख जवळ आली की "आता घेतलं तर फुकटात मिळेल" म्हणून युनिट घेणारे असतात. तारीख उलटली की भाव साधारण तेवढाच खाली येतो, आणि मिळालेल्या वाटपाच्या काही भागावर कर मात्र भरावा लागू शकतो. 100 ला घेऊन 2 मिळवायचे, युनिट 98 चं झालेलं बघायचं आणि वर कर भरायचा.